पर्याय ब आणि त्याचा परिणाम

कचेरीत त्याला सगळे लेखक म्हणत, आणि म्हणताना थोडं हसत. त्याच्या नावावर पुस्तक सोडा, साधी कविताही नव्हती. फ्रिज आणि धुण्याची यंत्रं विकणाऱ्या कंपनीच्या ग्राहकसेवा विभागात तो प्रशिक्षणाचे व्हिडिओ लिहायचा. हे व्हिडिओ नुसते बघत बसायचे नसतात. ग्राहक पडद्यावर आपलं गाऱ्हाणं सांगतो, मग चित्र थांबतं, खाली तीन उत्तरं येतात आणि शिकणाऱ्यानं त्यातलं एक दाबायचं. दाबलं की त्या उत्तरानं ग्राहकाचं काय झालं ते लगेच दिसतं. शांत झाला, चिडला, की फोन आपटला. म्हणजे एका गोष्टीच्या जागी दहा गोष्टी लिहायच्या, आणि त्या एकमेकींत गुंतू द्यायच्या नाहीत. फांद्या फुटत राहिल्या तर चित्रीकरण करता करता जन्म जाईल, म्हणून दोन पावलांनंतर त्या गुपचूप पुन्हा मूळ वाटेवर आणून सोडायच्या. या कामात त्याचा हात बसला होता आणि त्याचा त्याला थोडा तोराही होता.

त्याआधी काही वर्षं तो खालच्या मजल्यावरच्या फोनच्या हॉलमध्ये बसायचा, ताईंच्या शेजारच्या खुर्चीवर. ताई त्या हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या. पहिल्याच दिवशी एका ग्राहकानं त्याला असं झापलं होतं की त्याच्या तोंडातून शब्द फुटेना. ताईंनी आपला फोन चालू असताना हात लांब करून त्याचं यंत्र मूक केलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बारक्या, पाणी पी. तो तुझ्यावर नाही, फ्रिजवर चिडलाय." तेव्हापासून तो त्यांच्यासाठी बारक्याच. वर बढती मिळाली, अंगावर मांस चढलं, लग्न झालं, तरी बारक्याच. डब्यातली अर्धी भाजी त्याच्या झाकणात घालताना त्या त्याला कधी विचारत नसत.

आता ताईंचा उजवा कान कामातून जायला आला होता. आत सतत शिट्टी वाजते म्हणायच्या. डॉक्टरांनी हेडफोन सोडा म्हणून बजावलं होतं, पण हेडफोन सोडला तर पगार कोण देणार? सुटकेची वाट एकच होती. नव्या मुलांना शिकवायला हॉलमध्ये एक मार्गदर्शक नेमायचा होता. त्या जागेवर ताईच बसणार हे सगळे धरून चालले होते, फक्त प्रशिक्षणाच्या मॅडमनी एक अट घातली होती. नवा व्हिडिओ आधी जुन्या लोकांवर चालवून बघायचा आणि ज्याला तो नीट पार करता येईल त्यालाच मार्गदर्शक करायचं. अट वाजवीच होती. शिकवणाऱ्याला धडा यायला नको?

घोडं अडलं ते पहिल्या खर्ड्यात. लेखकानं लिहिलेली चुकीची उत्तरं इतकी उर्मट होती की ती कुणी झोपेतही दाबली नसती. मॅडमनी खर्डा वाचला आणि बाजूला ठेवला. चुकीचं उत्तर असं हवं, त्या म्हणाल्या, की चांगल्या माणसालाही ते द्यावंसं वाटलं पाहिजे. नाहीतर शिकायचं काय? हेही वाजवीच होतं. या गोष्टीत वाजवी नाही असं फारसं कुणीच काही बोलत नाही, हीच मोठी अडचण आहे.

तेव्हा लेखक जुने फोन ऐकायला बसला. गुणवत्ता विभागानं नियमभंगाची खूण केलेले फोन, बोलणाऱ्याचं नाव काढून, नमुन्यासाठी वेगळे ठेवलेले असत आणि खूण नेमक्या त्या वाक्यावर असे. तो खुणेच्या थोडं आधी सुरू करी, वाक्य ऐकी आणि पुढचा घेई. अशाच एका फोनवर एक म्हातारे गृहस्थ सांगत होते की फ्रिज बंद पडलाय आणि आत त्यांच्या पत्नीची साखरेची इंजेक्शनं आहेत. मग बाईचा आवाज आला.

"आजोबा, खरं सांगते. पडद्यावर उद्याची तारीख दिसतेय, पण तुमच्या भागातला मेकॅनिक रजेवर आहे. उद्या कुणी यायचं नाही. मी तुमच्या जागी असते तर इंजेक्शनं आत्ताच शेजारी हलवली असती."

पडद्यावर दिसतं त्यापलीकडे ग्राहकाला काही सांगायचं नाही, आपली माणसं कमी आहेत हे तर मुळीच नाही, असा कंपनीचा नियम होता. नियम मोडला होता, वाक्य मात्र सोन्यासारखं होतं. कुठल्याही चांगल्या माणसाला ते द्यावंसं वाटलं असतं. लेखकाला हवं ते सापडलं. 'मी तुमच्या जागी असते तर' हे शब्द त्या हॉलमध्ये कुणाचे, हे त्याला विचारावं लागलं नाही. आवाज तर त्यानं 'आजोबा' म्हणतानाच ओळखला होता. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्यानं स्वतःची समजूत घातली की नाव कुठे येणार आहे, चेहरा कुठे येणार आहे, वाक्य तर कुणाचंही असू शकतं. फोन पुढे चालला होता. त्यानं तो तिथेच बंद केला. जे हवं होतं ते मिळालं होतं.

वाक्य मिळालं, पण त्याचा परिणाम दाखवायला हवा. तो त्यानं मनानं लिहिला. ग्राहक भडकतो, साहेबांना बोलवा म्हणतो, कंपनीला चव्हाट्यावर आणायची धमकी देतो. पडद्याच्या कोपऱ्यातला समाधानाचा काटा लाल होतो आणि वर अक्षरं येतात, 'तुम्ही ग्राहकाचा विश्वास गमावला.' पर्याय ब तयार झाला. पर्याय अ बरोबरचा होता. "तुमची अडचण मी समजू शकते. त्रासाबद्दल माफी मागते. आपली तक्रार उद्यासाठी नोंदवली आहे." पर्याय क म्हणजे, थोडा वेळ फोन धरा.

ग्राहकाच्या कामाला त्यानं आपल्या काकाला उभं केलं. काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ, जन्मभर बँकेत चिकटून राहिलेला आणि दर वर्षी बँकेच्या नाटकात मेलेला. तो एका पायावर तयार झाला. या चित्रीकरणात एकाच खुर्चीत, एकाच शर्टात, तोच रिसीव्हर कानाला धरून सगळ्या फांद्या ओळीनं करायच्या असतात. प्रत्येक फांदीची सुरुवात त्याच बसण्यापासून, नाहीतर जोड दिसतो. सगळ्यांत कठीण काम असतं वाट पाहण्याचं. शिकणारा उत्तर निवडेपर्यंत ग्राहक नुसता वाट पाहत बसलेला दिसायला हवा. तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा फिरत राहतो. काकानं ते झकास केलं. दोनदा पापण्या मिटल्या, रिसीव्हर या कानाचा त्या कानाला नेला आणि आतल्या खोलीकडे एकदा बघितलं, जणू तिथे खरंच कुणी आजारी झोपलंय.

पण ब च्या वेळी काका अडला. "अरे, हा ओरडेल का?" त्यानं विचारलं. "मला कुणी असं सांगितलं ना, तर मी फोन ठेवून इंजेक्शनं उचलायला धावेन. ओरडायला सवड कुणाला आहे?"

लेखकानं त्याला सांगितलं की संहितेत तसं आहे. काकानं खांदे उडवले आणि असा ओरडला की दिवे धरणारा दचकला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि लेखकानं सगळ्यांत जास्त वाजवल्या.

चाचणीच्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत हॉलमधले जुने लोक जमले. सगळ्यांनी मोठ्या पडद्यावर एकत्र बघायचं आणि एकानं पुढे बसून उत्तरं निवडायची. पुढे कोण, हा प्रश्नच नव्हता. ताई माऊस घेऊन बसल्या. लेखक मागे भिंतीला टेकून उभा होता. पहिले दोन प्रसंग ताईंनी चहा गाळावा तितक्या सहज पार केले. मग काका पडद्यावर आला, इंजेक्शनांचं सांगून थांबला आणि खाली तीन उत्तरं उमटली.

ताईंनी वाचलं. खोलीतल्या सगळ्यांनी वाचलं. कुणीतरी "अगं..." म्हणालं. हॉलमधली अर्धी माणसं ते शब्द ऐकतच तिथे मोठी झाली होती. काका पापण्या मिटत होता, रिसीव्हर कान बदलत होता, आतल्या खोलीकडे बघत होता आणि पुन्हा पापण्या मिटत होता. ताई माऊसवर हात ठेवून तशाच बसल्या होत्या. लेखकाला त्यांची पाठ दिसत होती. आता तरी अ दाबा, असं तो मनात म्हणाला. अ दाबला असता तर सगळं निभावून गेलं असतं. आपल्या लाजेपायी आपण दुसऱ्यानं खोटं बोलावं अशी आशा करतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

ताईंनी ब दाबला.

काका भडकला. भिंतींना हादरे बसावेत असा ओरडला. काटा लाल झाला, अक्षरं आली, आणि मागच्या रांगेत कुणाला तरी हसू आवरलं नाही. ते हसणं ताईंवर नव्हतं, काकाच्या अभिनयावर होतं, पण खोलीत ते वेगळं करून कोण सांगणार?

"असं झालं नव्हतं," ताई म्हणाल्या. आवाज चढवून नाही, कुणी पत्ता चुकीचा सांगितला तर दुरुस्त करावा तसं.

मॅडमनी समजावलं की हे उदाहरण आहे, कुणा एकाचं नाही, आणि आता पुढे जाऊ. पण पुढे जाता येईना. ती रचनाही लेखकाचीच होती. चुकीचं उत्तर दिलं की चित्र मागे त्याच जागी येतं आणि बरोबरचं दाबल्याशिवाय पुढचा प्रसंग उघडत नाही. काका पुन्हा वाट पाहू लागला. ताईंनी अ दाबला. काका निवळला, तुम्ही समजून घेतलंत म्हणाला, काटा हिरवा झाला. मग ताई उठल्या, माऊस नीट जागेवर ठेवला आणि मागे जाऊन बसल्या. उरलेलं कुणीतरी दुसऱ्यानं केलं.

संध्याकाळी मॅडमनी त्याला सहज सांगितलं की मार्गदर्शकाचा पुन्हा विचार करावा लागेल. ज्या बाई चुकीचं उत्तर देऊन वर त्याची बाजू घेतात, त्या मुलांना काय शिकवतील? लेखकानं मान हलवली. ती हो ची होती की नाही ची, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. जागेवर येऊन त्यानं तो फोन पुन्हा काढला आणि या वेळी शेवटपर्यंत ऐकला.

ताईंच्या वाक्यानंतर म्हातारे गृहस्थ म्हणाले, "थांबा हं बाई, फोन ठेवू नका." रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज, फ्रिजचं दार, चपला. दूरवर कुणाची तरी बेल. तेवढा सगळा वेळ ताई फोन धरून होत्या, खोकल्याही नाहीत. गृहस्थ धापा टाकत परतले. शेजारच्या वहिनींनी ठेवून घेतली म्हणाले. ताईंनी विचारलं, फ्रीझरमध्ये नाही ना, खालच्या कप्प्यातच ना? गोठली तर वाया जातात. नाही नाही, खालीच, ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंत. मी आपला उद्यावर विसंबून बसलो असतो." आणि मग म्हाताऱ्या माणसांना सुचतं तसं, जेवलात का, असं त्यांनी ताईंना विचारलं.

लेखकानं डोक्यावरचा हेडफोन काढला. तो चुकीचं ऐकून फसला नव्हता, तो ऐकायचाच थांबला होता. ज्या माणसानं जेवलात का विचारलं, त्याच्या तोंडी त्यानं शिव्याशाप घातले होते, आणि ते ज्या बाईला ऐकवले, तिच्या डब्यावर तो वाढला होता.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला आणि फोन पुढे वेगळाच गेल्याचं त्यानं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की हे उकरलं तर आधी ताईंनी नियम मोडल्याचंच उकरलं जाईल, त्यांच्या नावावर तशी नोंद होईल. आत्ता फक्त मार्गदर्शकपद जातंय, मग नोकरीवर डाग येईल. गप्प बसणं त्यांच्याच भल्याचं. लेखकाला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली. पण पळवाट मिळाली होती. तो जिना उतरून हॉलमध्ये गेला. जेवणाची सुट्टी होती. ताई एकट्याच बसल्या होत्या, उजव्या कानात कापूस, डबा उघडा.

रात्रभर त्यानं जुळवून ठेवलेली वाक्यं त्यानं म्हटली. "ताई, तुम्हाला किती वाईट वाटलं असेल ते मी समजू शकतो. झाल्या प्रकाराबद्दल मनापासून माफी मागतो. पुन्हा असं होणार नाही याची..."

"हा पर्याय अ का?" ताईंनी विचारलं.

अगदी तोच होता. आधी भावनेची दखल, मग माफी, मग आश्वासन, त्यानंच शिकवलेल्या क्रमानं. ताई त्याच्याकडे बघत राहिल्या. पापण्या मिटल्या, उघडल्या. त्या वाट पाहत होत्या आणि त्याच्यापुढे खाली कुठे तीन उत्तरं उमटत नव्हती.

शेवटी त्यानं मॅडमचं म्हणणं सांगून टाकलं, डागाचं, नोंदीचं, त्यांच्या भल्याचं.

"होऊ दे नोंद," ताई म्हणाल्या. "मी बोलले ते बोलले, लपवायला काय आहे? पण मला इथे भाजीपुढे येऊन नको सांगूस, बारक्या. ज्या खोलीत ते दाखवलंस, त्या खोलीत सांग." आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. त्याच्यासाठी काढलेलं काही त्यात नव्हतं.

चाचणीची दुसरी बैठक त्याच आठवड्यात झाली. माणसं तीच, मॅडम पहिल्या रांगेत, ताई मागे. व्हिडिओ सुरू करायच्या आधी लेखक पडद्यापुढे उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून त्यानं ते पाठीमागे बांधले, आणि त्यामुळे तो शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा दिसू लागला. तो म्हणाला की पर्याय ब चा परिणाम खोटा आहे. तो आपण मनानं लिहिला. खऱ्या फोनवर तो गृहस्थ ओरडला नाही. मग काय काय झालं ते त्यानं सगळं सांगितलं, वहिनी, खालचा कप्पा, जेवलात का. मॅडम वहीकडे बघत होत्या. इथे तो थांबला असता तरी चाललं असतं. पण लाज एकदा बोलती झाली की तिला कुठे थांबायचं ते कळत नाही, आणि ते एका परीनं बरंच असतं.

"आणि ते वाक्य कुणाचं हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "आवाज मी ओळखला होता. ओळखूनच घेतलं."

ताईंनी मान वर केली. हे त्यांना ठाऊक नव्हतं. इतके दिवस त्यांनी मनात धरलं होतं की वरून कुणीतरी वाक्याचा कागद दिला असेल आणि पोरानं न कळता लिहिलं असेल. ते त्यांच्या चेहऱ्यावर आत्ता दिसलं, कारण ते आत्ता तिथून गेलं.

"ओळखला होतास?" त्यांनी विचारलं.

"हो."

मॅडमनी घसा साफ केला आणि आज इथेच थांबू म्हणाल्या.

मॅडम कडक होत्या, पण कोडग्या नव्हत्या. आधी ताईंच्या नावावर नोंद झाली, एका ओळीची. मग चाचणीचा निकाल रद्द झाला, कारण खोट्या परिणामावर खरा निकाल लावणं त्यांच्या हिशेबात बसेना. मग पर्याय ब चं ओरडणं काढून टाकलं, आणि काकानं त्याच खुर्चीत, त्याच शर्टात येऊन फोन खाली ठेवला आणि धावला. "आता कसं!" तो म्हणाला. काटा मात्र मॅडमनी पिवळ्यावरच ठेवला. हिरवा करणं त्यांच्या हातात नव्हतं. आणि नव्या तुकडीला शिकवायला दुसरं कुणी नसल्यामुळे असेल किंवा मॅडमना मनातून पटल्यामुळेही असेल, मार्गदर्शकाची जागा ताईंना मिळाली.

त्यांच्या पहिल्या तासाला लेखक दाराशी जाऊन उभा राहिला. ताईंच्या डोक्यावर हेडफोन नव्हता. त्याच्या पट्टीनं वर्षानुवर्षं दबलेल्या केसांत एक खाच पडली होती, ती तेवढी दिसत होती. पडद्यावर काका वाट पाहत बसला होता आणि ताई कुणालाही काही दाबू देत नव्हत्या. आधी त्याच्याकडे बघा, त्या मुलांना सांगत होत्या, तो आतल्या खोलीकडे का बघतोय ते सांगा. मुलं बघत होती. पापण्या मिटल्या, रिसीव्हर कान बदलला. लेखकाला वाटलं की आपण लिहिलेल्या सगळ्यात एवढा एकच तुकडा खरा होता, आणि त्यात आपला एक शब्दही नव्हता.

मुलांपैकी एकीनं वळून दाराकडे पाहिलं, म्हणून ताईंनीही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर त्यानं तो आनंदानं सोसला असता. त्या हसल्या, कुणाही पाहुण्याकडे बघून हसावं तसं, आणि मुलांना ओळख करून दिली.

"हे आपले लेखक," त्या म्हणाल्या. "या, बसा ना. तिकडे खुर्ची आहे."